आकृतीतला हा बाण कुठून आला?

“मी सोलापुरात व्यवस्थापन विषयात पीएचडी करते आहे. विषय आहे शहरातल्या यंत्रमाग कामगारांवरचा कामाचा ताण. दुसऱ्या प्रकरणात ‘सैद्धांतिक चौकट’ या मथळ्याखाली मास्लो, हर्झबर्ग आणि कॅरासेक यांचे सिद्धांत अकरा पानांत दिले आहेत. तिसऱ्या प्रकरणात ‘संकल्पनात्मक चौकट’ म्हणून एक आकृती आहे. तिच्यात डावीकडे कामाचा भार, कामावरचं नियंत्रण, आवाज, पीस रेटची मजुरी आणि उचल असे पाच चौकोन आहेत आणि प्रत्येकातून एकेक बाण उजवीकडच्या ‘ताण’ या चौकोनाकडे जातो. सल्लागार समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, ‘या दोन चौकटींत फरक काय?’ मला उत्तर देता आलं नाही. गाइड सर म्हणतात, गोंधळ नको, एक काढून टाका. माझ्या मैत्रिणीच्या प्रबंधात एकच चौकट आहे आणि तिला पदवीही मिळाली. माझ्या २८० कामगारांच्या प्रश्नावल्या भरून झाल्या आहेत आणि प्रबंधपूर्व सादरीकरण दोन महिन्यांवर आलं आहे. मी कोणती चौकट काढू? आणि जी ठेवीन ती कोणत्या प्रकरणात ठेवू?”
— एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

नमस्कार,

चौकट कुठलीच काढू नका. तुमच्या प्रबंधातून जायला हवीत ती मास्लो आणि हर्झबर्ग यांची पानं, आणि यायला हवा तो दीड-दोन पानांचा एक मजकूर, जो सध्या कुठेच नाही. तो नाही म्हणूनच समितीतल्या सदस्यांना दोन चौकटी दिसल्या, पण एकीतून दुसरी कशी निघाली ते दिसलं नाही. त्यांनी विचारलं ते रास्त होतं.

सैद्धांतिक आणि संकल्पनात्मक ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, किंवा एक मजकुराची चौकट आणि दुसरी आकृतीची, असा समज पुष्कळांचा असतो. शब्दांवरून फरक शोधायला गेलं तर हाती काही लागतही नाही, कारण सिद्धांतसुद्धा संकल्पनांचाच बनलेला असतो. फरक कळतो तो ‘हा दावा कोणाचा आणि कोणाविषयी?’ असं विचारल्यावर.

तुमच्या तीन सिद्धांतांपैकी खरा कामाचा आहे तो रॉबर्ट कॅरासेक यांचा. त्यांनी तो १९७९ मध्ये मांडला. त्याचा गाभा असा: कामाची मागणी जास्त आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्याची मोकळीक कमी, असं जिथे असतं तिथे मनावरचा ताण सर्वांत जास्त असतो. मागणी जास्त पण मोकळीकही जास्त असेल, तर तेच काम माणसाला शिकवणारं, उभारी देणारं ठरू शकतं. हा दावा कॅरासेक यांचा आहे. त्यांनी तो स्वीडन आणि अमेरिकेतल्या पुरुष कामगारांच्या सर्वेक्षणांवर तपासला होता. त्यात सोलापूर नाही, यंत्रमाग नाही, टॉवेल नाही आणि चादरही नाही. तरी तो तुम्हाला वापरता येतो, कारण तो काम नावाच्या गोष्टीविषयी सर्वसाधारण बोलतो. ही झाली सैद्धांतिक चौकट. ती तुम्ही उसनी घेता आणि उसनी घेतली असं सांगता.

संकल्पनात्मक चौकटीतला दावा मात्र तुमचा स्वतःचा असतो, आणि तो फक्त तुमच्या अभ्यासापुरता असतो. सोलापुरातल्या यंत्रमाग कामगारांच्या बाबतीत मी अमुक गोष्टी पाहणार आहे, त्यांचा एकमेकींशी संबंध असा असेल असं मला वाटतं, आणि तसं वाटण्याची कारणं ही आहेत, असं तुम्ही तिथे म्हणता. त्यातला काही भाग सिद्धांतातून येतो, काही आधीच्या अभ्यासांतून आणि काही तुम्ही कारखान्यात जाऊन जे पाहिलं-ऐकलं त्यातून.

एखादं वाक्य कुठल्या चौकटीतलं हे कळत नसेल, तर त्यातून ‘सोलापूर’ आणि ‘यंत्रमाग’ हे शब्द आणि त्यांच्याशी बांधलेले तपशील खोडून पाहा. ‘मागणी जास्त आणि मोकळीक कमी असेल तर ताण वाढतो’ हे वाक्य खोडाखोडीनंतरही उभं राहतं. ते सिद्धांताचं. ‘कारखानदाराकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कामगाराला जादा पाळी नाकारता येत नाही’ या वाक्यात खोडण्यासारखे तपशील खोडले तर काहीच उरत नाही. ते संकल्पनात्मक चौकटीचं.

आता तुमच्या आकृतीकडे वळते. मला वाटतं, खरी अडचण तिथेच आहे, आणि ती दोन चौकटींच्या नावांपेक्षा मोठी आहे. पाचही चौकोनांतून एकेक सरळ बाण ‘ताण’कडे नेला आहे. प्रत्येक बाणावर बोट ठेवून ‘हा कुठून आला?’ असं विचारत जाऊ.

कामाचा भार आणि नियंत्रण हे दोन बाण कॅरासेक यांच्याकडून आले, असं तुम्ही म्हणाल. पण त्यांचा मूळ विचार दोन सुट्या बाणांचा नाही. मागणी आणि मोकळीक एकत्र आल्यावर काय होतं, हा त्यांचा विषय आहे. नंतर या सिद्धांतावर काम करणाऱ्यांमध्ये दोन वाचनं रूढ झाली. एका वाचनात दोन्हींचे परिणाम वेगवेगळे असतात आणि ते एकमेकांत मिळवले जातात. दुसऱ्या वाचनात मोकळीक ही मागणीचा धक्का सौम्य करते. म्हणजे तेवढाच भार असला तरी ज्याला मोकळीक आहे त्याला तो कमी लागतो. पहिलं वाचन घेतलं तर तुमची आकृती बरोबर आहे. दुसरं घेतलं तर ‘नियंत्रण’ या चौकोनातला बाण ‘ताण’कडे न जाता भार आणि ताण यांना जोडणाऱ्या बाणाच्या मधोमध येऊन टेकायला हवा. मग विश्लेषणातही भार आणि नियंत्रण यांचा गुणाकार करून तयार झालेला चल समीकरणात घालावा लागतो. आजवरच्या अभ्यासांत पहिल्या वाचनाला बऱ्यापैकी आधार मिळाला आहे. दुसऱ्याचा पुरावा कधी मिळतो, कधी मिळत नाही. तुम्ही कोणतंही घ्या, पण कोणतं घेतलं आणि का, हे प्रबंधात लिहिलेलं हवं. सध्या दुसऱ्या प्रकरणात तुम्ही एकत्र परिणामाविषयी लिहिलंत आणि तिसऱ्यात आकृती सुट्या परिणामांची काढलीत असं घडलं असेल, तर एक काढून टाकल्याने ते झाकलं जाईल, सुटणार नाही.

‘भार’ या शब्दाचाही नीट विचार करा. कॅरासेक यांची मागणी मुख्यतः मनावर येणारी आहे: वेगाने काम करावं लागणं, काम फार असणं, वेळ न पुरणं. एका कामगाराला एकाच वेळी किती मागांवर लक्ष ठेवावं लागतं, धागा तुटला की दुसरा माग चालू असताना इकडे धावावं लागतं का, हे त्यात चांगलं बसतं. पाळी किती तासांची, हे मात्र थोडं वेगळं आहे. बारा तास बसून राहणं आणि बारा तास धावणं यांतला फरक ‘तास’ मोजून कळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच चौकोनात कोंबल्या असतील तर वेगळ्या करा.

आवाजाचा चौकोन कॅरासेक यांच्या सिद्धांतातून येत नाही. शटलचा माग किती खणखणतो हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीतून चालत गेलेल्याला सांगावं लागत नाही, पण प्रबंधात अनुभव पुरत नाही. हा बाण आधीच्या अभ्यासांतून यायला हवा, म्हणजे कामाच्या जागी होणारा आवाज आणि ताण, झोप किंवा थकवा यांचा संबंध दाखवणाऱ्या व्यावसायिक आरोग्याच्या संशोधनातून. तुमच्या साहित्याच्या आढाव्यात त्यावर एक तुकडा आहे का पाहा. नसेल तर तो लिहा, नाहीतर हा चौकोन काढा. सिद्धांतात नाही आणि आढाव्यातही नाही, असा चौकोन आकृतीत आला की परीक्षक तिथेच थांबतात.

मजुरीचा प्रश्न जास्त अवघड आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. कॅरासेक यांच्या सिद्धांतात मोबदल्याला जागा नाही. ही त्याची ओळखीची मर्यादा आहे. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये प्रयत्न आणि मोबदला यांच्या असमतोलाचा सिद्धांत मांडला, त्यात ती जागा आहे. मेहनत जास्त आणि त्या बदल्यात मिळणारा पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती कमी, असं असलं की ताण येतो, असं तो म्हणतो. तुम्हाला वाटेल, मग हाही घेऊन टाकू. घेता येतो, पण सीग्रिस्ट यांची ‘मेहनत’ आणि कॅरासेक यांची ‘मागणी’ यांत बराच भाग सामायिक आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर तीच गोष्ट तुम्ही दोनदा मोजाल, आणि विश्लेषणात त्या एकमेकींचा परिणाम खाऊन टाकतील. प्रश्नावल्या भरून झाल्यावर, दोन महिने हातात असताना, मी दुसरा सिद्धांत आणणार नाही. शेवटच्या प्रकरणात मर्यादा सांगताना त्याचा उल्लेख करीन.

मग पीस रेटचं काय करायचं? आधी तुमच्या २८० प्रश्नावल्या उघडा आणि किती जण पीस रेटवर आहेत ते मोजा. सगळेच असतील, तर पीस रेट हा तुमच्या अभ्यासात चलच नाही. जे सर्वांसाठी सारखं आहे त्याच्यामुळे एकाचा ताण जास्त आणि दुसऱ्याचा कमी असं होऊ शकत नाही, निदान तुमच्या आकडेवारीतून तसं दाखवता तरी येत नाही. अशी गोष्ट ही परिस्थिती असते. तिला आकृतीत चौकोन देऊ नका. सगळ्या चौकोनांभोवती एक बाहेरची रेघ काढा आणि तिच्यावर लिहा: पीस रेटवरचं काम. मजकुरात दोन वाक्यं जोडा, की पीस रेटमुळे कामगार स्वतःच स्वतःचा वेग वाढवतो, त्यामुळे मागणी हा चल या पार्श्वभूमीवर वाचावा. काही जण पीस रेटवर आणि काही ठरावीक पगारावर असतील, तर मात्र तो चल आहे. तेव्हाही बाण आधी ‘मागणी’कडे जातो की थेट ‘ताण’कडे, हे तुम्हाला ठरवावं लागेल. तुमचं स्पष्टीकरण वेग वाढण्याचं असेल, तर तो मागणीकडे जायला हवा.

उचलीचा चौकोन मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो तुम्ही कारखान्यातून आणलेला आहे. पण त्याचा बाणही मला चुकीच्या जागी गेलेला दिसतो. उचल घेतलेल्या कामगाराला ताण का येतो, याचं उत्तर कामगारांशी बोलताना तुम्हाला काय मिळालं? ‘कर्जाची काळजी वाटते’ असं मिळालं असेल तर थेट बाण ठीक. ‘मालक म्हणेल तेव्हा यावं लागतं, नाही म्हणता येत नाही’ असं मिळालं असेल, तर उचल आधी नियंत्रण कमी करते आणि मग नियंत्रण कमी झाल्यामुळे ताण वाढतो. बाण उचलीतून नियंत्रणाकडे आणि तिथून पुढे जायला हवा. इथे एक सावधगिरी लागेल. कॅरासेक यांचं नियंत्रण म्हणजे काम करताना मिळणारी मोकळीक. त्यात दोन गोष्टी येतात: आपलं कौशल्य वापरायला मिळणं आणि कामाबद्दलचे निर्णय घेता येणं. कारखाना सोडून जाता येणं हे त्यात नाही. म्हणून ‘उचलीमुळे कामगार बांधला जातो’ एवढं लिहून भागणार नाही. उचल असलेल्याला पाळी, मागांची संख्या किंवा सुट्टी यांबद्दल बोलता येत नाही, असं लिहिलंत तर ते सिद्धांतातल्या संकल्पनेला धरून होईल. मूळ अर्थ तुम्ही जिथे जरा ताणता, तिथे ताणला आहे असं उघड सांगा. परीक्षकाला ते आवडतं, कारण तिथे संशोधकाचं स्वतःचं डोकं दिसतं.

आता त्या न लिहिलेल्या दीड-दोन पानांविषयी. सिद्धांतातलं काय ठेवलं, काय सोडलं, काय नवं घातलं आणि प्रत्येकाचं कारण काय, एवढंच त्यात असतं. तुमच्या बाबतीत त्याची सुरुवात अशी होऊ शकेल:

‘प्रस्तुत अभ्यासात कॅरासेक (१९७९) यांच्या सिद्धांतातील मागणी, नियंत्रण व ताण या तीन संकल्पना स्वीकारल्या आहेत. कामातून होणाऱ्या शिकण्याविषयीचा त्यांचा दुसरा दावा या अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे, कारण संकलित माहितीत त्याचे मापन नाही. मूळ सिद्धांतात नसलेल्या दोन बाबी जोडल्या आहेत. आवाज ही बाब व्यावसायिक आरोग्यावरील पूर्वीच्या अभ्यासांच्या आधारे, तर उचल ही बाब प्राथमिक क्षेत्रभेटींतील संवादांच्या आधारे. उचलीचा परिणाम निर्णयाच्या मोकळिकीमार्फत ताणावर होतो, असे येथे मानले आहे.’

यानंतर आकृती येते आणि तिच्याखाली ‘कॅरासेक (१९७९) यांच्या सिद्धांतावरून विस्तारित’ अशी ओळ. नुसतं ‘स्रोत: संशोधक’ लिहू नका, कारण अर्धी आकृती तुमची नाही. मागणी आणि मोकळीक यांच्या कमी-जास्त असण्यातून कॅरासेक यांनी कामांचे चार प्रकार दाखवले आहेत. त्या चार चौकोनांची आकृती द्यायची असेल तर ती वेगळी द्या, सिद्धांताच्या भागात, मूळ स्रोतासह. तिला तुमच्या आकृतीत मिसळू नका.

मास्लो आणि हर्झबर्ग का काढायचे, हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल. तुमच्या आकृतीतला एकही बाण त्यांच्याकडून येत नाही. मास्लो यांची गरजांची उतरंड १९४३ ची, हर्झबर्ग यांचा सिद्धांत १९५९ चा. दोघांचाही विषय प्रेरणा आणि समाधान हा आहे, ताण नव्हे. व्यवस्थापनाच्या प्रबंधांत ते सवयीने येतात. विषयाशी दुरून नातं असलेल्या सर्व सिद्धांतांची यादी म्हणजे सैद्धांतिक चौकट नव्हे. ज्याच्यावर तुमचं गृहीतक उभं आहे तोच सिद्धांत तिच्यात येतो. अकरा पानांऐवजी एकट्या कॅरासेक यांना चार-पाच पानं द्या: सिद्धांत काय म्हणतो, कुठे तपासला गेला, त्यावर कोणते आक्षेप आले, पुढे त्यात काय भर पडली. जॉन्सन आणि हॉल यांनी १९८८ मध्ये कामाच्या जागी मिळणाऱ्या सामाजिक आधाराचा मुद्दा त्यात आणला, तोही सांगा. तुमच्या प्रश्नावलीत शेजारच्या मागावरच्या माणसाच्या मदतीबद्दल एखादा प्रश्न असेल तर तो उपयोगी पडेल.

कोणतं प्रकरण, हा तुमचा दुसरा प्रश्न. सैद्धांतिक चौकट दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवा. तिच्यानंतर आधीच्या अभ्यासांचा आढावा घ्या, आणि तो ‘भारतातील अभ्यास, परदेशातील अभ्यास’ अशा क्रमाने न घेता तुमच्या बाणांच्या क्रमाने घ्या: मागणी आणि ताण, नियंत्रण आणि ताण, आवाज आणि ताण, कर्ज किंवा उचल आणि कामगाराची मोकळीक. असा आढावा वाचता वाचताच वाचकाच्या मनात तुमची आकृती तयार होत जाते. मग संशोधनातली उणीव सांगा, आणि प्रकरणाच्या अखेरीस ती दीड-दोन पानं आणि संकल्पनात्मक चौकट ठेवा. तिच्या लगेच मागोमाग गृहीतकं. म्हणजे तुमची आकृती तिसऱ्या प्रकरणातून दुसऱ्याच्या शेवटी सरकेल.

तिसऱ्या प्रकरणात उरतं ते मोजमाप. ‘नियंत्रण’ मी कोणत्या प्रश्नांनी मोजलं, उत्तरं किती पायऱ्यांची, प्रश्नावली मराठीत आणि तेलुगूत कशी नेली, हे सगळं तिथे. पुष्कळ जण प्रश्नावलीतले प्रश्नच आकृतीच्या चौकोनांत लिहितात. तसं करू नका. सिद्धांतात ‘नियंत्रण’ हा सर्वसाधारण शब्द असतो. संकल्पनात्मक चौकटीत तुम्ही सांगता की मागावरच्या माणसासाठी नियंत्रण म्हणजे पाळी बदलून घेता येणं, माग थांबवायचा की नाही हे स्वतः ठरवता येणं, किती माग सांभाळायचे यावर बोलता येणं. आणि तिसऱ्या प्रकरणात त्यातल्या प्रत्येकाचा प्रश्न येतो.

काही ठिकाणी, विशेषतः वाणिज्य आणि व्यवस्थापनात, ठरलेल्या आराखड्यात उद्दिष्टं, गृहीतकं आणि संशोधन पद्धती पहिल्याच प्रकरणात येतात आणि साहित्याचा आढावा नंतर. तुमचं तसं असेल तर आराखड्याशी भांडू नका. पहिल्या प्रकरणात गृहीतकांची नुसती यादी द्या आणि ‘ती कशी मांडली हे प्रकरण दोनच्या अखेरीस पाहावे’ असं एक वाक्य लिहा. प्रकरणाचा क्रमांक बदलला तरी चालतो, पण सिद्धांतातून चौकट आणि चौकटीतून गृहीतक ही वाट वाचकाला सलग सापडली पाहिजे. शेवटच्या प्रकरणातल्या चर्चेत पुन्हा सिद्धांताकडे या, हे बहुतेक प्रबंधांत राहून जातं. समजा, नियंत्रणाने भाराचा धक्का सौम्य होतो असं तुमच्या आकडेवारीत दिसलं नाही. मग ते का असेल? सगळ्याच कामगारांचं नियंत्रण इतकं कमी आहे का, की तुलना करायला जास्त नियंत्रण असलेला गटच नाही? असं असेल तर तो कॅरासेक यांच्या सिद्धांताविषयीचा निष्कर्ष नसून तुमच्या नमुन्याविषयीचा आहे, आणि तो तसाच लिहायचा.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. माहिती गोळा झाल्यावर तुम्ही चौकट दुरुस्त करत आहात. बाणाची दिशा बदलली की गृहीतकही बदलतं, आणि मंजूर आराखड्यातली गृहीतकं तुम्ही आधीच समितीपुढे ठेवलेली आहेत. ती मागे जाऊन बदलू नका. मंजूर गृहीतकं आहेत तशी तपासा आणि त्यांचे निकाल द्या. उचलीतून नियंत्रणाकडे जाणारा बाण आणि भार-नियंत्रणाचा गुणाकार हे ‘अतिरिक्त विश्लेषण’ या उपमथळ्याखाली द्या, आणि ते माहिती संकलनानंतर ठरवलं असं स्पष्ट लिहा. आकृतीत हे नवे बाण तुटक रेघेने काढा. निकाल पाहून गृहीतक लिहायचं आणि ते आधीपासूनच होतं असं भासवायचं, ही संशोधनातली गंभीर चूक आहे, आणि ती अनेकदा चौकट नीटनेटकी करण्याच्या भरात घडते. गुणाकाराचे परिणाम सहसा लहान असतात आणि २८० जणांत ते निसटू शकतात. म्हणून परिणाम दिसला नाही तर ‘नाही’ असं न म्हणता ‘या नमुन्यात आढळला नाही’ असं म्हणा.

तुमच्या मैत्रिणीच्या प्रबंधात एकच चौकट आहे, ते चूक असेलच असं नाही. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं लिहिते. जिथे एक सिद्धांत जसाच्या तसा तपासायचा आहे, काही जोडायचं नाही आणि काही सोडायचं नाही, तिथे वेगळी संकल्पनात्मक चौकट फार लहान होते आणि कधी सैद्धांतिक चौकटीतच सामावते. जिथे विषयाला धरेल असा एक सिद्धांत नाही, तिथे आढाव्यातून संकल्पना जोडून एकटी संकल्पनात्मक चौकट उभी करतात. सोलापुरी चादरीच्या भौगोलिक मानांकनाविषयी विणकरांना किती माहिती आहे असा वर्णनात्मक अभ्यास असेल, तर माहितीचे पैलू कोणते एवढं सांगणारी चौकट पुरते. ओढूनताणून सिद्धांत चिकटवण्याची गरज नाही. मुलाखतींतूनच सिद्धांत घडवणाऱ्या गुणात्मक अभ्यासात तर सुरुवातीला पक्की आकृती असणंच अडचणीचं असतं. आणि परिचर्या शाखेच्या प्रबंधांत एखाद्या परिचर्या सिद्धांतावर आधारलेल्या आकृतीलाच संकल्पनात्मक चौकट म्हणण्याची रीत आहे. तिथे शाखेची रीत पाळा, पण सिद्धांतातलं काय घेतलं आणि काय बदललं हे मजकुरात लिहा. तुमच्या अभ्यासात सिद्धांतही आहे आणि तुमची भरही आहे, म्हणून तुम्हाला दोन्ही लागतात.

गाइड सरांना हे सांगताना ‘दोन्ही ठेवते’ एवढंच सांगायला जाऊ नका. त्यांची काळजी खरी आहे, समितीपुढे पुन्हा तोच प्रश्न येऊ नये असं त्यांना वाटतं. एका कागदावर नवी आकृती काढा आणि प्रत्येक बाणाला क्रमांक द्या. खाली क्रमांकासमोर लिहा: हा सिद्धांतातून, हा आढाव्यातल्या अमुक अभ्यासांतून, हा क्षेत्रभेटीतून, आणि हा कोणत्या गृहीतकाचा. ज्या बाणासमोर काहीच लिहिता येणार नाही, तो सरांसमोरच खोडा. तोच कागद प्रबंधपूर्व सादरीकरणाच्या दिवशी जवळ ठेवा. ‘फरक काय?’ असं पुन्हा विचारलं गेलं, तर आधी कॅरासेक यांचा दावा एका वाक्यात सांगा आणि मग उचलीच्या बाणावर बोट ठेवून तो कुठून आला ते सांगा.